सोलापूरहून रशियाला गेलेले एक शिफारसपत्र

प्रकरण सोलापूरच्या एका महाविद्यालयातल्या रसायनशास्त्र विभागाचे आहे. विद्यार्थिनीने एम. एस्सी. पूर्ण केलेले, तिला रशियातल्या एका विद्यापीठात अस्पिरान्तुराला, म्हणजे आपल्याकडच्या पीएच. डी.च्या जवळ जाणाऱ्या संशोधन अभ्यासक्रमाला, अर्ज करायचा होता. तिला इथे स्नेहा पाटील म्हणू. नाव बदललेले आहे, पण आडनाव मुद्दाम असे निवडले आहे की पुढे व्याकरणाचा प्रश्न उलगडून दाखवता यावा. विद्यापीठाने मागितलेल्या कागदांत एक कागद होता मार्गदर्शकाच्या शिफारसपत्राचा: मूळ इंग्रजी चालेल, सोबत रशियन भाषांतर हवे. माझ्याकडे हे काम आले तेव्हा भाषांतर आधीच झालेले होते. "फक्त एकदा नजर टाका," असे स्नेहाच्या वडिलांचे म्हणणे होते.

भाषांतर तिच्या आतेभावाने केलेले. तो रशियात एमबीबीएसच्या चौथ्या वर्षाला, बोलणे अस्खलित, वसतिगृहात आणि वॉर्डात रोज रशियनच. त्यामुळे घरात सगळ्यांची खात्री होती की याहून चांगला भाषांतरकार सोलापुरात मिळणार नाही. मुलाचे रशियन खरोखरच चांगले होते. वाक्ये कुठे मोडत नव्हती, शब्दांचे शेवट बहुतेक जागी बरोबर. अडचण अशी की ते बोलण्यातले रशियन होते, आणि काही शब्द इंग्रजीच्या आवाजावरून उचललेले होते.

"गाइड" या शब्दापासून सुरुवात करतो. आपल्याकडे "माझ्या गाइड मॅडम" म्हटले की कुणालाही कळते. मुलाने तो "गीद" असा ठेवला होता. रशियनमध्ये गीद म्हणजे पर्यटकांना किल्ला दाखवत फिरणारा माणूस. प्रबंधाच्या मार्गदर्शकाला तिथे "नाउच्नी रुकवदीतेल" म्हणतात, शब्दशः वैज्ञानिक नेता, आणि हा शब्द पत्रात नसेल तर पत्र कोण लिहिते आहे हेच वाचणाऱ्याला कळत नाही. दुसरे, "रंग". स्नेहाचे काम अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीतल्या सूत रंगवणाऱ्या कारखान्यांच्या सांडपाण्यावर होते. मुलाने रंगाला "क्रास्का" लिहिले होते, म्हणजे भिंतीला किंवा कॅनव्हासला लावायचा रंग. कापडात मुरणाऱ्या रंगद्रव्याला "क्रसीतेल" म्हणतात. सांडपाण्याला त्याने "ग्र्याझ्नाया वदा", घाण पाणी, असे लिहिले होते. कागदोपत्री तो शब्द "स्तोच्निये वोदी" असा असतो. रसायनशास्त्राच्या माणसाने हे वाचले तर त्याचे चित्र असे होईल: एका मुलीने घाण पाण्यातून भिंतीचा रंग काढला, आणि एका पर्यटन मार्गदर्शकाने तिची शिफारस केली आहे.

मुलगी हा शब्दही तसाच. "अतिशय हुशार मुलगी" याचे त्याने "ओचेन ऊम्नाया देवच्का" केले होते. देवच्का म्हणजे दहा-बारा वर्षांची पोर. बोलताना मोठ्या मुलींनाही प्रेमाने म्हणतात, पण प्रवेश समितीपुढच्या कागदात तेवीस वर्षांच्या संशोधक उमेदवाराला असे म्हणत नाहीत. तिथे "स्तुदेन्त्का", किंवा सरळ नाव.

हे सगळे दुरुस्त करणे तासाभराचे काम होते. पण भाषांतर बाजूला ठेवून मूळ इंग्रजी पत्र वाचले तेव्हा लक्षात आले की खरी अडचण तिथेच आहे. ते पत्र आपल्याकडच्या हजारो पत्रांसारखे होते. पहिल्या वाक्यात शिफारस करताना होणारा अत्यानंद. दुसऱ्यात विद्यार्थिनी हुशार, प्रामाणिक, कष्टाळू, आज्ञाधारक, मनमिळाऊ. तिसऱ्यात तिची नैतिक वर्तणूक उत्तम असल्याचा निर्वाळा. चौथ्यात ती सामान्य कुटुंबातून आली असूनही पुढे गेली हे कौतुक. पाचव्यात उज्ज्वल भवितव्यासाठी शुभेच्छा. सबंध पत्रात तिने दोन वर्षे काय काम केले याचे एकच वाक्य होते, आणि त्यातही प्रबंधाचे फक्त शीर्षक.

या विशेषणांचे बिनचूक रशियन करता येते, आणि बिनचूक केले की ते जास्त वाईट दिसते. आज्ञाधारकला "पस्लूश्नाया" म्हणतात; तो शब्द लहान मुलांसाठी आणि कुत्र्यांसाठी वापरतात. संशोधनाला माणूस घेताना तो सांगितलेले ऐकतो हा गुण कुणी शोधत नाही, उलट शंका येते. नैतिक वर्तणुकीचे त्याहून गंमतीशीर. सोव्हिएत काळात नोकरी, परदेश प्रवास, बढती, सगळ्यासाठी "खराक्तेरिस्तिका" नावाचा कागद लागे, आणि त्यात "मराल्ना उस्तोयचिव", नैतिकदृष्ट्या स्थिर, हे शब्द ठरलेले असत. आज रशियन माणूस ते शब्द ऐकले की हसतो. आपल्या वर्तणूक दाखल्याचे हे जणू त्यांचे चुलत भावंड. म्हणजे स्नेहाच्या मार्गदर्शक मॅडमनी भक्तिभावाने लिहिलेले वाक्य तिथे पन्नास वर्षांपूर्वीच्या कर्मचारी विभागातून आल्यासारखे वाचले गेले असते.

मग भाषांतरकाराने काय करावे? पुष्कळ जण इथे गुपचूप सुधारतात: विशेषणे गाळतात, दोन वाक्ये स्वतःची घालतात आणि रशियन पत्र छान होते. ते करू नये असे माझे ठाम मत आहे, आणि कारण केवळ सचोटीचे नाही. विद्यापीठाने मूळ आणि भाषांतर दोन्ही मागितले आहे. समितीत इंग्रजी वाचणारा माणूस हमखास असतो. मूळ पत्रात सहा वाक्ये आणि भाषांतरात बारा, हे दिसायला एक नजर पुरते, आणि संशय भाषांतरकारावर येत नाही, उमेदवारावर येतो. त्यामुळे रशियन सुधारायचे असेल तर आधी इंग्रजी सुधारावे लागते, आणि ते सुधारायचा अधिकार फक्त सही करणाऱ्याचा.

स्नेहाला घेऊन मॅडमकडे गेलो. मॅडम विभागप्रमुख, वीस-बावीस वर्षे शिकवणाऱ्या, परीक्षेच्या धामधुमीत. पहिली प्रतिक्रिया अपेक्षित तीच: "अहो, याच नमुन्यावर माझे विद्यार्थी जर्मनीला गेलेत, कोरियाला गेलेत." खरे होते. मी वाद घातला नाही. एवढेच विचारले की हिने प्रयोगशाळेत केलेली अशी कुठली गोष्ट तुम्हाला आठवते, जी तुम्ही सांगितली नव्हती. मॅडम थोडा वेळ गप्प बसल्या आणि मग बोलू लागल्या ते थांबेनातच.

काम असे होते. ज्वारीचा कडबा सोलापूर जिल्ह्यात मुबलक. त्याचे तुकडे वाळवून, फॉस्फोरिक आम्लात भिजवून, भट्टीत सुमारे 500 अंश सेल्सिअसला तापवून सक्रिय कोळसा करायचा आणि तो पाण्यातले रंगद्रव्य किती शोषतो ते मोजायचे. मोजणी स्पेक्ट्रोफोटोमीटरवर: रंगद्रव्य ज्या तरंगलांबीचा प्रकाश सर्वात जास्त अडवते तिथे आधी आणि नंतर शोषण पाहायचे, फरकावरून किती रंग गेला ते काढायचे. प्रयोगशाळेत एकच रंगद्रव्य विरघळवून केलेल्या द्रावणात निकाल फार सुंदर आले. मग स्नेहाने वडील जिथे कामाला आहेत त्या रंगाईच्या कारखान्यातले खरे सांडपाणी आणले. निकाल निम्म्यावर घसरले. "दुसरा विद्यार्थी असता तर ते नमुने टाकून दिले असते आणि पहिले आकडे लिहून मोकळा झाला असता," मॅडम म्हणाल्या. स्नेहाने तसे केले नाही. तिच्या लक्षात आले की कारखान्याच्या पाण्यात एकाच वेळी तीन-चार रंगद्रव्ये असतात, त्यामुळे एका तरंगलांबीवर मोजण्याला अर्थच उरत नाही. तिने सबंध दृश्य पट्ट्यात मोजून पुन्हा हिशेब मांडला, आणि पाण्याचा सामू आम्लाकडे नेला की शोषण वाढते हेही दाखवले. कापसाच्या सुताला लागणारी ही रिॲक्टिव्ह रंगद्रव्ये ऋणभारित असतात, आम्लधर्मी पाण्यात कोळशाच्या पृष्ठभागावर धनभार वाढतो, म्हणून ती जास्त धरली जातात. प्रबंधात खरे, कमी आलेले आकडेही तिने ठेवले.

शिफारसपत्राचा सगळा ऐवज हा होता, आणि पहिल्या पत्रात त्यातला एक शब्दही नव्हता. मॅडमनी त्याच संध्याकाळी नवे इंग्रजी पत्र लिहिले. एक पान, चार परिच्छेद: मी कोण आणि हिला कशी ओळखते, हिने काय केले, हिची कुठली बाजू अजून कच्ची आहे, आणि कोणत्या कामासाठी मी हिची शिफारस करते. तिसरा परिच्छेद घालायला मॅडम आधी तयार नव्हत्या. शेवटी त्यांनी लिहिले की सांख्यिकीय विश्लेषणात तिला अजून मार्गदर्शन लागेल आणि रशियन भाषा ती आता शिकते आहे. माझ्या मते या दोन ओळींनी आधीच्या परिच्छेदाला वजन आले.

आता भाषांतर. रशियन अधिकृत पत्राची शैली कोरडी असते आणि तो कोरडेपणा हाच तिथला आदर. सुरुवात "उवाझायेमिये च्लेनी प्रियोम्नोय कमीसी!", म्हणजे प्रवेश समितीच्या माननीय सदस्यांनो, आणि पुढे उद्गारचिन्ह. ते चिन्ह पाहून मॅडम दचकल्या, ओरडल्यासारखे वाटते म्हणाल्या. रशियन पत्रात मात्र तेच रूढ. दुसरी बारीक गोष्ट, "तुम्ही" या अर्थाचा "वी" हा शब्द एकाच व्यक्तीला उद्देशून आदराने लिहिला तर मोठ्या अक्षराने सुरू करतात. अनेकांना उद्देशून असेल तर लहान अक्षरच. समिती अनेकांची, म्हणून लहान. आतेभावाने सगळीकडे मोठे अक्षर वापरले होते, जास्त आदर म्हणून.

"शिफारस करताना मला आनंद होतो" हे वाक्य नव्या इंग्रजी पत्रात सौम्य रूपात राहिलेच होते. रशियनमध्ये आनंद वगळला नाही, पण त्याची जागा बदलली. पहिले वाक्य "नस्तयाश्चिम रेकमेन्दूयु", या पत्राद्वारे शिफारस करते, असे सरळ; आनंदाचा उल्लेख शेवटच्या परिच्छेदात, "तिच्याबद्दल पुढील माहिती देण्यास आनंदाने तयार आहे" अशा रूपात. तेवढा फेरफार मॅडमनी इंग्रजीतही करून घेतला, म्हणजे दोन्ही पत्रे ओळीला ओळ जुळली.

कामाच्या परिच्छेदात सारा भार क्रियापदांवर असतो. इंग्रजीत मॅडमनी लिहिले होते की तिला हे उमगले, तिने पद्धत बदलली. आतेभावाच्या पद्धतीने गेलो असतो तर "तिने मदत केली, तिने पाहिले" अशी क्रियापदे आली असती. वैज्ञानिक लेखनात रशियन लोक तीन क्रियापदे नेमकी वेगळी ठेवतात: "उस्तानविला", तिने सिद्ध केले; "प्रेद्लझीला", तिने सुचवले; "प्रवेला", तिने प्रयोग पार पाडला. त्याच्या आधी "समस्तयातेल्ना", स्वतःच्या बळावर, हा शब्द आला की वाचणारा थांबतो, कारण अस्पिरान्तुरात हाच गुण पाहतात. म्हणूनच तो शब्द उगाच पेरू नये. मी तो एकाच जागी वापरला, अनेक तरंगलांबींवर मोजण्याच्या निर्णयापाशी, कारण मॅडमच्या शब्दांत तो निर्णय तिचा एकटीचा होता. सामू बदलण्याची कल्पना दोघींच्या चर्चेतून आलेली, तिथे "मार्गदर्शकाबरोबर चर्चेनंतर" असेच ठेवले.

या तिन्ही क्रियापदांच्या शेवटी "ला" आहे हे मराठी वाचकाच्या लक्षात आले असेल. रशियन भूतकाळात कर्त्याचे लिंग क्रियापदात दिसते, आपल्यासारखेच: ती गेली, तो गेला. इंग्रजीत ते दिसत नाही. आतेभाव परदेशात बसलेला, मॅडमना त्याने कधी पाहिलेले नाही, पत्राखाली फक्त आद्याक्षरे आणि आडनाव. त्याने मॅडमचे "मी शिकवले" हे "प्रेपदवाल" असे पुल्लिंगी करून टाकले होते. सबंध पत्र एका सरांनी लिहिले होते! असली चूक पकडायची सोपी युक्ती म्हणजे भूतकाळातले प्रत्येक क्रियापद अधोरेखित करून त्याचा कर्ता कोण ते समासात लिहायचे. पत्र लिहिणारीची क्रियापदे मी शक्य तिथे वर्तमानकाळात नेली, कारण तिथे लिंग दिसतच नाही आणि पत्रही नेटके होते.

लिंगाचा दुसरा धागा आडनावात आहे. रशियनमध्ये नावे विभक्तीप्रमाणे बदलतात. परदेशी आडनाव व्यंजनावर संपत असेल तर पुरुषाचे बदलते, बाईचे बदलत नाही. पाटील व्यंजनावर संपते. "मी स्नेहा पाटीलची शिफारस करते" यात स्नेहाचे "स्नेहू" होईल, पण पाटील तसेच राहील. "पाटीला" लिहिले तर तो पुरुष झाला. आतेभावाने नेमके तेच केले होते: पहिले नाव बाईचे, आडनाव पुरुषाचे. कुलकर्णी किंवा शिंदे असते तर प्रश्नच आला नसता, ती आडनावे दोघांचीही बदलत नाहीत. विद्यापीठाच्या नावातही हाच नियम लागतो. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ याचे रशियन करताना "यांच्या नावाचे" अशा अर्थाचा "ईमेनी" शब्द घालतात, जसे मॉस्को विद्यापीठ लमनोसवच्या नावाचे आहे. होळकर व्यंजनावर संपते, व्यक्ती स्त्री, म्हणून ते अविकृत राहते. पुण्यश्लोक हे विशेषण मात्र भाषांतर न करता लिप्यंतर करून ठेवले. ते नावाचा भाग आहे.

नावाचा सर्वात चिवट घोळ मधल्या नावाचा. रशियन अर्जात तीन रकाने असतात: आडनाव, नाव, आणि "ओत्चेस्त्वा", म्हणजे वडिलांच्या नावावरून बनवलेले तिसरे नाव. इवानची मुलगी इवानव्ना. मराठी माणूस हे पाहून खूश होतो: आपल्याकडेही तर मधले नाव वडिलांचेच! म्हणून कुणीतरी स्नेहा रमेश पाटीलच्या तिसऱ्या रकान्यात "रमेशव्ना" लिहायचा सल्ला दिला होता. असे नाव तिच्या कुठल्याही कागदावर नाही. शिवाय महाराष्ट्रातल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचे आणि पुढे आईचेही नाव येते. पासपोर्टवर पहिल्या रकान्यात आडनाव आणि दुसऱ्यात "स्नेहा रमेश" एकत्र. तीन कागद, तीन क्रम. अशा वेळी पासपोर्ट हा एकच आधार धरायचा: आडनावाच्या रकान्यात पाटील, नावाच्या रकान्यात स्नेहा रमेश, तिसरा रकाना रिकामा. पत्रातही तोच क्रम आणि तेच शुद्धलेखन. रशियन लिपीत स्नेहाचा "ह" दोन तऱ्हांनी लिहिला जातो. जुन्या रिवाजाने तिथे ग येतो, ज्यामुळे हिमालयाचे त्यांच्याकडे गिमालाय झाले आहे. पासपोर्टच्या भाषांतरात ख असेल आणि पत्रात ग, तर कागदावर दोन वेगळ्या मुली तयार होतात. म्हणून पत्राला हात लावण्याआधी पासपोर्टचे भाषांतर मागून घेतले आणि त्यातले नाव अक्षर न अक्षर उतरवले.

आता पदव्यांकडे. मॅडमच्या जुन्या पत्राखाली "प्रो. डॉ." होते. आपल्याकडे महाविद्यालयात शिकवणाऱ्या प्रत्येकाला प्राध्यापक म्हणायची पद्धत आहे, पत्रिकेतही तसेच छापतो. आतेभावाने त्याचे "प्रफेसर, दोक्तर नाऊक" केले. रशियात संशोधन पदव्या दोन पायऱ्यांच्या आहेत. अस्पिरान्तुरा संपवून प्रबंध मांडला की "कन्दिदात नाऊक" मिळते. त्यानंतर बऱ्याच वर्षांच्या कामावर, दुसरा मोठा प्रबंध लिहून, "दोक्तर नाऊक". आपली पीएच. डी. पहिल्या पायरीच्या जवळची. तिला दुसरी पायरी म्हणणे म्हणजे नसलेली पदवी लावणे. तिला कन्दिदात म्हणणेही बरोबर नाही, कारण ती पदवी रशियाने दिलेली नाही. पीएच. डी. तशीच ठेवायची. पदाचे म्हणाल तर मॅडमचे अधिकृत पद असोसिएट प्रोफेसर, महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर तसेच लिहिलेले. त्याला जवळचा रशियन शब्द "दोत्सेन्त". त्यापुढे रसायनशास्त्र विभागाचे प्रमुख, "ज़वेदुयुश्ची काफेद्रोय". मॅडमना दोत्सेन्त हा शब्द थोडा उतरता वाटला. पण रशियात दोत्सेन्त हे मानाचे पद आहे, आणि खरे आहे.

त्याहून घातक शब्द होता महाविद्यालय. इंग्रजी कॉलेजचे रशियन "कोलेज" असे जवळपास तेच होते, म्हणून कुणी दोनदा पाहत नाही. पण रशियात कोलेज म्हणजे शाळेनंतरची व्यावसायिक शिक्षण देणारी संस्था, आपल्याकडच्या तंत्रनिकेतनाच्या जातीची. तिथून थेट अस्पिरान्तुराला कुणी येऊ शकत नाही. पत्राचा मथळाच "अमुक कोलेज, सोलापुर" असेल तर वाचणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न हा की हिच्याकडे उच्च शिक्षणाची पदवी आहे का. नाव तर बदलता येत नाही. म्हणून पहिल्याच परिच्छेदात मॅडमनी इंग्रजीत एक वाक्य घातले की हे विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालय असून इथे पदव्युत्तर विभाग आहे आणि पदवी विद्यापीठ देते. रशियनमध्ये ते वाक्य जसेच्या तसे आले.

गुणांबद्दल थोडेच. मॅडमनी दहापैकी श्रेणी सरासरी दिली होती. ती तशीच, दशांश बिंदूच्या जागी स्वल्पविराम आणि पुढे "दहापैकी" एवढे जोडून. त्यांच्या पाच गुणांच्या मापात रूपांतर करणे हे भाषांतरकाराचे काम नाही. "डिस्टिंक्शन"ला "स अत्लीचियेम" लिहायचा मोह टाळला, कारण तिथे तसा पदविका-प्रकार कायद्याने ठरलेला आहे आणि त्याच्या अटी वेगळ्या.

कागदाची मांडणी ही माझ्या आवडीची बाजू. रशियात अशा पत्रांच्या मांडणीचे मानक आहे, गोस्त आर 7.0.97. त्यात पत्राच्या डोक्यावर बाहेर जाणाऱ्या पत्राचा क्रमांक आणि तारीख लागते, "इस्खद्याश्ची नोमेर". हे वाचून महाविद्यालयाच्या कार्यालयातले जावक लिपिक भाऊसाहेब खूश झाले. जावक क्रमांक! आपल्या प्रत्येक कार्यालयात असतो तोच. आतेभावाने तो निरुपयोगी समजून गाळला होता. खरे तर रशियन कारकून पत्र खरे आहे की नाही हे पाहताना आधी तिकडेच बघतो. सहीच्या ओळीत डावीकडे पद, मध्ये सही, उजवीकडे आधी आद्याक्षरे आणि मग आडनाव. भाषांतरावर मॅडमची सही घेत नाहीत. तिथे चौकटी कंसात "सही" आणि "गोल शिक्का" असे लिहून शिक्क्यातला मजकूर भाषांतरित करतात. महाविद्यालयाचा शिक्का मराठीत होता. म्हणून भाषांतराखाली माझ्या निवेदनात "इंग्रजी आणि मराठीतून" असे लिहावे लागले. नुसते इंग्रजीतून लिहिले असते तर शिक्क्याचे भाषांतर कुणी केले हा प्रश्न उरला असता.

नोटरीचा घोळ शेवटी आला. वडिलांनी ऐकले होते की सगळ्याला अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून घ्यायचे सरकारी प्रमाणन, लागते, आणि ते शिफारसपत्र घेऊन एजंटाकडे निघाले होते. अपोस्टिल सार्वजनिक दस्तऐवजाला लागते, जसे पदवी प्रमाणपत्र. एका प्राध्यापिकेचे पत्र त्या वर्गात येत नाही. या विद्यापीठाच्या यादीत नोटरी केलेले भाषांतर पासपोर्ट आणि पदवीचे हवे होते, पत्राचे साधे. पदवीच्या बाबतीत क्रम मात्र सांभाळावा लागतो: आधी अपोस्टिल, मग भाषांतर, कारण अपोस्टिलवरचा मजकूरही भाषांतरात यावा लागतो. उलट केले की भाषांतर पुन्हा करायला पैसे जातात. आणि नोटरी भाषांतराच्या दर्जाची हमी देतो असे पुष्कळांना वाटते. रशियातही नोटरीला स्वतःला ती भाषा येत नसेल तर तो फक्त भाषांतरकाराची सही खरी आहे एवढेच प्रमाणित करतो. गीद आणि देवच्का असलेले पत्रही अगदी रीतसर नोटरी होऊन गेले असते.

पत्र पाठवले. पुढे ऑनलाइन मुलाखत झाली, इंग्रजीत. स्नेहाने नंतर सांगितले की प्रश्न बहुतेक पत्रातूनच आले: मिश्र रंगद्रव्यांच्या पाण्यात एकूण शोषण कसे मोजले, कोळसा पुन्हा वापरता येतो का, आणि सांख्यिकीत नेमके काय कच्चे आहे. शेवटच्या प्रश्नाला तिने चाचण्यांची पुनरावृत्ती कमी होती असे सांगितले. मुलाखत घेणाऱ्यांपैकी एका बाईंनी विचारले की कारखान्यातले नमुने आणखी मिळतील का. तिच्या वडिलांनी तेव्हापासून महिन्याच्या ठरावीक दिवशी बाटल्या भरून, तारीख आणि कोणता रंग चालू होता ते लिहून ठेवायला सुरुवात केली आहे. प्रवेशाचा निर्णय हे लिहीपर्यंत यायचा आहे.